‘सकाळचा कचरा तू घेशील काय?’ : फ्लॅटमधल्या मित्राला कामाचं लिहिताना

*मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त राजारामपुरीत फ्लॅट घेऊन राहतोय. मी गोकुळ शिरगावला फर्स्ट शिफ्टला, तो घरी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. भांडी, कचरा, पाणी बहुतेक माझ्याच गळ्यात पडतं. समोर बोललं की विषय हसण्यावारी जातो, आणि मेसेज लिहायला घेतला की तक्रारच होते. दोस्ती न बिघडता कसं लिहू?*

एका मेसेजमध्ये एकच काम घ्या, ते काम पुरतं त्याच्याकडे द्या, आणि मागचं काहीही उकरू नका. तुमच्या बाबतीत मी कचऱ्यापासून सुरुवात करायला सांगेन, भांड्यांपासून नाही.

कोल्हापुरात शिकायला आणि नोकरीला आलेल्या, फ्लॅट करून राहणाऱ्या पोरापोरींशी समुपदेशक म्हणून मी बरीच वर्षं बोलते आहे. वाद झाला की ही मुलं फोन पुढे करतात आणि म्हणतात, ‘मॅडम, वाचा तुम्हीच, यात मी काय चुकीचं लिहिलंय?’ लिहिलेलं बहुतेक खरंच असतं. पण एका मेसेजमध्ये सगळा पावसाळा कोंबलेला असतो, आणि तो वाचणाऱ्याला भांडी दिसत नाहीत, आपल्यावरचा ठपका दिसतो.

कचरा का, ते आधी सांगते. सगळ्यात जास्त राग भांड्यांचा येतो हे मला माहीत आहे. सिंकमध्ये तळाला साय धरलेलं दुधाचं पातेलं, त्यावर भाताचा कुकर, त्यावर चहाचे दोन कप, आणि हे सगळं तुम्ही शिफ्ट करून आल्यावर. पण भांड्यांना वेळ नाही आणि हद्दही नाही. कुणी काय शिजवलं, कप कुणाचा, कढई भिजत घातली होती की टाकून दिली होती, असे शंभर फाटे फुटतात. कचऱ्याचं तसं नाही. घंटागाडी आपल्या वेळेला येते, हाक देते, निघून जाते. त्या वेळी तुम्ही कंपनीत आणि तो घरात. म्हणजे हे काम त्याच्याकडे जाण्याचं कारण गाडीच्या वेळेत आहे. त्याच्या आळसात नाही आणि तुमच्या थकण्यातही नाही. असं कारण हातात असलं की मेसेज अर्धा लिहून झाला.

आता तुम्ही लिहिलेला मेसेज मी पाहिलेला नाही, पण माझ्याकडे येणारे मेसेज साधारण असे असतात:

‘भावा एक बोलायचं होतं, राग मानू नको. गेले दोन महिने बघतोय, भांडी मीच घासतोय, पाणी पण मीच भरतोय. तू दिवसभर घरीच असतोस. निदान कचरा तरी टाकत जा ना. सांगायला लागू नये खरं तर.’

‘एक बोलायचं होतं’ वाचल्याबरोबर माणूस सावध होतो, आणि ‘राग मानू नको’ म्हटलं की पुढे राग यावा असं काहीतरी आहे हे त्याला आधीच कळतं. ‘गेले दोन महिने बघतोय’ म्हणजे दोन महिने आपल्यावर नजर होती आणि हा हसून चहा पीत होता. ‘दिवसभर घरीच असतोस’ हे तर स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोराला लिहूच नका. गावाकडं घरचे, मामा, काका सगळे हेच ऐकवत असतात, ‘घरीच तर असतोस की.’ तुमच्याकडून तेच आलं की विषय कचऱ्याचा उरत नाही, त्याच्या पोस्टचा होतो. ‘निदान’ आणि ‘तरी’ हे जोडीनं आले की अर्थ निघतो, बाकी तुझ्याकडून अपेक्षाच सोडली आहे. ‘टाकत जा’ ही आई मुलाला सांगते ती भाषा आहे. आणि शेवटचं वाक्य नुसतं डिवचणारं आहे, त्याला उत्तर देताच येत नाही. सगळ्या मेसेजमध्ये मागणी केवढी, तर कचरा टाक. त्यातही कचरा कधी टाकायचा, रोज की एक दिवसाआड, हे नाही.

हे कळल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ‘वेळ मिळाला तर, जमलं तर, कचऱ्याचं जरा बघशील का प्लीज, नाही जमलं तर राहू दे मी करतो.’ पुढे हात जोडलेले दोन इमोजी. यावर ‘ओके भावा’ येतं आणि काही हलत नाही, कारण न करण्याची वाट तुम्हीच दाखवून ठेवली. शिवाय आपल्याकडं जिवलग दोस्त अचानक ‘प्लीज’वर आला तर समोरच्याला वाटतं, हा आतून तापलाय. एरवी ‘काय लेका’ म्हणत असाल तर इथेही ‘लेका’च ठेवा. भाषा रोजचीच हवी.

तिसरा प्रकार चेष्टेचा. सिंकचा फोटो आणि खाली ‘साहेब, आपली वाट बघतायत’. माझा याला स्पष्ट विरोध आहे. फोटो हा पुरावा असतो, हसरा चेहरा लावला तरी. तो चेष्टेनंच उत्तर देणार, चार हसणारे इमोजी टाकणार, आणि मग तुम्हाला मुद्द्यावर येता येत नाही. समोरासमोर विषय हसण्यावारी जातो म्हणून तुम्ही चॅटकडं वळलात. तेच इथे परत घडवू नका.

चॅटवर चेष्टा का फसते, यावर जस्टिन क्रूगर, निकोलस एपली वगैरे मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली प्रयोग प्रसिद्ध केले होते. काही वाक्यं उपरोधानं, काही सरळ अर्थानं पाठवायची आणि समोरच्यानं ओळखायचं, उपरोध की सरळ. लिहून पाठवणाऱ्यांना वाटत होतं की 78 टक्के वेळा बरोबर ओळखलं जाईल. प्रत्यक्षात ओळखलं गेलं 56 टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून सांगितल्यापेक्षा थोडंच जास्त. तेच वाक्य आवाजात ऐकवलं तेव्हा 73 टक्के. लिहिताना आपला सूर आपल्या डोक्यात वाजत असतो, म्हणून तो मेसेजमध्ये उतरलाय असं वाटतं. वाचणारा आपल्या सुरात वाचतो, आणि त्याला आधीच थोडं अपराधी वाटत असेल तर तो सूर आपोआप कडक होतो. तेव्हा ज्याचा अर्थ सुरावर अवलंबून आहे असं वाक्यच ठेवायचं नाही.

मी असं लिहीन:

‘भावा, कचऱ्याची गाडी साडेआठला येते आणि मी सहालाच बाहेर असतोय. दोन दिवस राहिला की ओल्याचा वास सुटतोय. सकाळचा कचरा तू घेशील काय, रोज? पाण्याचं माझ्याकडं. साडेआठ तुला अडचणीचं असेल तर सांग, काहीतरी अदलाबदल करू.’

गाडीची वेळ तुमच्या गल्लीची जी असेल ती घाला. वेळ खरी हवी, कारण सगळा मेसेज तिच्यावर उभा आहे. पहिल्या वाक्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही त्याला मान्य आहेत, त्यात ‘तू’ कुठेच नाही. दुसऱ्या वाक्यात वास आहे, वासाला कुणी जबाबदार धरलेलं नाही. ‘सुटतोय’ म्हटलं, ‘मला सहन होत नाही’ म्हटलं नाही.

मग येतो सरळ प्रश्न. ‘घेशील काय’ला हो किंवा नाही म्हणता येतं, म्हणून तो हुकूम वाटत नाही. आणि ‘रोज’ हा शब्द लाजून गाळू नका. तो गाळला तर तो उद्या एकदा कचरा टाकेल, मनापासून टाकेल, आणि त्याच्या दृष्टीनं काम संपलेलं असेल. परवा तुम्ही परत चिडाल आणि तो खरोखर बुचकळ्यात पडेल.

‘पाण्याचं माझ्याकडं’ इथे हात जरा आवरा. ‘पाणी मी भरतोच’ असं लिहायचा मोह होईल. त्या एका ‘च’मध्ये सगळा हिशेब परत येतो. तसंच ‘आपण’चं. ‘आपण कचरा वेळेवर टाकायला पाहिजे’ असं लिहून आपण मवाळ लिहिलं असं वाटतं, पण ‘आपण’ म्हणजे ‘तू’ हे दोघांनाही माहीत असतं आणि शाळेतल्या बाईंचा आवाज ऐकू येतो. ‘अदलाबदल करू’मधलं ‘करू’ चालतं, कारण ते खरंच दोघांनी करायचं आहे.

एक शब्द मात्र मी पोरांच्या मेसेजमधून हटकून काढायला लावते, तो ‘मदत’. ‘जरा मदत करत जा’ म्हटलं की काम तुमचंच राहतं. तो फक्त उपकार करतो, आणि उपकार सवडीनं होतात. डबा भरलाय हे बघणं, गाडीची हाक ऐकणं, खाली नेणं, आल्यावर डब्यात नवीन पिशवी लावणं, पिशव्या संपल्या तर आणणं, हे सगळं मिळून ‘कचरा’. ते सगळं एकदम त्याच्याकडं जायला हवं. नाहीतर हात त्याचे आणि लक्ष तुमचं अशी गत होते, आणि लक्ष ठेवण्याचाच शीण जास्त असतो.

त्याला दिसत नाही का, हा तुमच्या मनातला खरा प्रश्न असेल. बऱ्याचदा खरंच दिसत नाही. जेस अल्बर्ट्स आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी घरकामाच्या वाटणीबद्दल जी मांडणी केली आहे ती मला रोजच्या कामात फार उपयोगी पडते. प्रत्येकाला घाण खुपायला लागण्याची पातळी वेगळी असते. तुम्हाला डबा पाऊण भरला की खुपतो, त्याला झाकण बसेना झाल्यावर. तुमची पातळी आधी येते म्हणून तुम्ही उठता, आणि तुम्ही उठल्यामुळे त्याची पातळी कधी गाठलीच जात नाही. चार वेळा असं झालं की ते काम तुमचं ठरतं, कुणी न ठरवता. तुम्हाला वाटतं, मी त्याचंही काम करतोय; त्याला वाटतं, याला स्वच्छतेची आवड आहे. म्हणून ‘तुला कळायला पाहिजे’ हे वाक्य वाया जातं. त्याला कळण्यासाठी डबा भरण्याची वाट बघायची नाही. साडेआठची वेळ त्याला द्यायची. वेळ पाळायला घाण खुपावी लागत नाही.

पाठवायचं कधी? सिंकसमोर उभं राहून नाही. तो आत खोलीत आणि तुम्ही बाहेर कॉटवर पडलेले असताना तर मुळीच नाही. निळी टिक दिसते, दाराआड हालचाल ऐकू येते, उत्तर येत नाही, आणि मग दोघंही रात्रभर शांत. फर्स्ट शिफ्ट तीनला सुटत असेल तर सुटल्यावर, बसमध्ये किंवा गाडीला किक मारायच्या आधी पाठवा. तो एकटा वाचतो, वाटलं तर मनात दोन शिव्या घालतो, आणि तुम्ही पोचेपर्यंत तासभर गेलेला असतो. संध्याकाळी चहा टाकताना बाकीचं बोलता येतं. मेसेजनं फक्त विषय उघडायचा असतो. मेसेजवर दहा उलटसुलट उत्तरं व्हायला लागली की तिथेच थांबून ‘घरी आलो की बोलू’ म्हणा. मित्रांच्या ग्रुपवर यातलं काही नको, चेष्टेतसुद्धा.

खरडा आधी स्वतःच्याच नंबरवर पाठवून वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण बदलल्याची खूण राहते, आणि पुसलेल्या मेसेजची तर मूळ मेसेजपेक्षा जास्त चर्चा होते.

आता उत्तर. ‘हो भावा, घेतो की’ आलं तर ‘भारी’ एवढंच लिहा. आभाराचा परिच्छेद नको, आणि ‘बरं झालं बोललो, मला किती दिवस...’ हे तर नकोच. नुसता अंगठा आला तरी तो होकार धरा. ‘बघू’ आलं तर तो होकार नाही. संध्याकाळी सहज विचारा, ‘साडेआठचं जमंल काय, का दुसरं काय घेतोस?’

अवघड असतं ते ‘तू पण...’नं सुरू होणारं उत्तर. ‘सिलिंडर कोण लावतं? मालकाशी कोण बोलतं? वायफाय बंद पडला की तीन-तीन तास फोनवर कोण असतं?’ इथे बहुतेक जण आपली यादी काढतात आणि सगळं मुसळ केरात जातं. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 साली नवराबायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, घरातल्या कुठल्या कामात तुमचा वाटा किती? दोघांचे आकडे मिळवले तर बेरीज बहुतेकदा पूर्णाच्या वर जात होती. त्यात लबाडी असतेच असं नाही. आपण केलेलं काम अंगानं केलेलं असतं म्हणून आठवतं. दुसऱ्यानं केलेलं आपण कंपनीत असताना झालेलं असतं. तुम्ही सहाला बाहेर पडता, म्हणजे दिवसभरात फ्लॅटवर काय काय झालं ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. सिलिंडरवाला आला, नळाचा माणूस आला, सोसायटीचा माणूस पैसे मागायला आला, ते त्याचा अभ्यास मोडून झालेलं आहे.

म्हणून त्यावर माझं उत्तर असं असेल: ‘सिलिंडर आणि मालकाचं माझ्या डोक्यातच नव्हतं. ते तुझ्याकडं धरू. मग कचरा कसा करायचा? एक दिवसाआड चालंल?’ पहिलं वाक्य लिहिताना हात जड होतो. लिहा, ते खरं असेल तर. त्यानंतरचा प्रश्न मात्र सोडू नका, नाहीतर त्याची यादी ऐकून घेतली आणि कचरा तुमच्याकडंच राहिला असं होईल.

पहिल्या आठवड्यात एक दिवस तो विसरणार हे धरून चाला. त्या दिवशी संध्याकाळी डबा भरलेला दिसेल, हात शिवशिवतील. टाकायचा नाही. तुम्ही गुपचूप खाली नेऊन ठेवलात की काम परत तुमच्या नावावर चढलं. दुसऱ्या दिवशी निघताना एक ओळ: ‘डबा भरलाय, आज गाडीला गाठ.’ ‘काल राहिला’ असं नाही. आणि त्यानं ओला-सुका नीट वेगळा केला नाही, पिशवीची गाठ तुमच्यासारखी मारली नाही, तर पहिले काही दिवस तिकडं दुर्लक्ष करा. गाडीवाला बोलला की तोच वेगळा करायला लागेल, आणि गाडीवाल्याचं बोलणं त्याला लागणार नाही.

भांड्यांचा विषय कचरा अंगवळणी पडल्यावर काढा, दोन-तीन आठवड्यांनी. तिथे वेळेचं कारण मिळत नाही, म्हणून नियमच मागावा लागतो: ‘ज्यानं शिजवलं त्यानं घासायचं नाही, असं करूया काय?’ रात्री तुम्ही भाजी टाकत असाल तर हा नियम तुमच्या बाजूचा आहे, आणि तो शिजवत असेल तर तुम्हाला घासावं लागेल, हे पाठवण्याआधी तपासा. आणखी एक तोडगा आहे, तो मी बिनदिक्कत सांगते: भांड्याला मावशी लावा आणि पगार निम्मा निम्मा. मात्र अभ्यास करणाऱ्या पोराच्या खिशात घरून येणारे पैसे असतात. हे सुचवायचं तर मेसेजवर नको, कारण त्याला ‘परवडत नाही’ हे लिहून द्यावं लागतं. रंकाळ्यावर चालताना विचारलंत तर तो बोलेल.

काही वेळा हा मेसेज पाठवूच नये. निकाल लागून आठवडा झाला नसेल आणि यादीत नाव नसेल, तर कचरा तुम्हीच टाका आणि थांबा. तो एरवी नीट राहणारा असून गेल्या काही दिवसांत अंघोळ, जेवण, अंथरूण सगळंच सुटलं असेल, तर भांडी हा विषय नाही. त्याच्याशेजारी बसून झोप लागते काय, जेवलास काय, हे विचारायचं, आणि उत्तर काळजी वाटावी असं असेल तर त्याच्या घरी कळवायचं. आणि सरळ शब्दांत दोनदा विचारून, त्यानं दोनदा हो म्हणूनही काही हललं नाही, तर तिसरा मेसेज कितीही गोड लिहिला तरी उपयोग नाही. मग समोर बसून ‘हे तुला करायचं नाहीये काय?’ असं विचारावं लागतं, आणि नाही म्हणाला तर भाड्याचा किंवा मावशीच्या पगाराचा वाटा बदलण्याचं बोलणं तिथेच, त्याच बैठकीत करावं लागतं.